एकच ठोकळा, चार प्रयोगशाळा

पुण्याजवळच्या चाकण-भोसरी पट्ट्यात गाड्यांचे सुटे भाग तयार होतात आणि तिथल्या प्रत्येक कारखान्यात मायक्रोमीटर, डायल गेज, बोअर गेज अशी साधने दिवसभर हाताळली जातात. ही साधने बरोबर मोजतात का, हे तपासायला स्लिप गेज लागतात. स्लिप गेज म्हणजे आरशासारखे गुळगुळीत केलेले पोलादी ठोकळे. त्यांची लांबी इतकी काटेकोर असते की चूक मायक्रॉनच्या अंशांत सांगावी लागते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. स्लिप गेजची लांबी तपासून दाखला देण्याचे काम कॅलिब्रेशन प्रयोगशाळा करते. आता त्या प्रयोगशाळेला कोण तपासणार, हा प्रश्न उरतोच.

त्यासाठी एक सरळ रीत आहे. एकच ठोकळा बंद पेटीतून एका प्रयोगशाळेकडून दुसरीकडे, तिथून तिसरीकडे फिरवायचा. प्रत्येकीने तो आपल्या पद्धतीने मोजायचा आणि इतरांचे उत्तर न बघता आपले उत्तर आयोजकाकडे पाठवायचे. लॅबवाले याला राउंड रॉबिन किंवा नुसतेच 'पीटी' म्हणतात. आयएसओ/आयईसी १७०२५ या मानकानुसार मान्यता हवी असेल तर अशा तुलनेत भाग घेण्यावाचून सुटका नाही. भारतात ही मान्यता एनएबीएल देते आणि तपासणीला आलेला ऑडिटर पीटीचा अहवाल हमखास मागतो. अहवालात प्रत्येक प्रयोगशाळेच्या नावाऐवजी एक सांकेतिक क्रमांक असतो आणि त्यासमोर एक-दोन छोटे आकडे. एकाला ईएन म्हणतात, दुसऱ्याला झेड स्कोअर. बरेचजण ईएन एकच्या आत आहे ना, झेड दोनच्या आत आहे ना, एवढे बघून फाइल बंद करतात. त्या आकड्यांत काय दडलेले असते ते एक नमुना घेऊन बघू. खालच्या प्रयोगशाळा काल्पनिक आहेत आणि आकडे समजायला सोपे जावेत असे निवडले आहेत, मात्र त्यांच्या चुका या धंद्यातल्या नेहमीच्याच आहेत.

समजा १०० मिलिमीटरचा एक पोलादी स्लिप गेज फिरवला. आयोजकाने तो आधी एका वरच्या दर्जाच्या प्रयोगशाळेतून प्रकाशाच्या तरंगलांबीच्या साहाय्याने, म्हणजे इंटरफेरोमीटरवर, मोजून घेतला. उत्तर आले: १०० मिलिमीटरपेक्षा ०.१२ मायक्रॉन जास्त, अनिश्चितता ०.०६ मायक्रॉन. अनिश्चितता म्हणजे चूक नव्हे. खरी लांबी या उत्तराच्या दोन्ही बाजूंना ०.०६ मायक्रॉनच्या पट्ट्यात असल्याची सुमारे ९५ टक्के खात्री आहे, एवढाच त्याचा अर्थ. हे ०.१२ म्हणजे संदर्भमूल्य. सहभागी प्रयोगशाळांना ते शेवटपर्यंत कळत नाही.

चार प्रयोगशाळांनी ठोकळा मोजला. त्यांना क, ख, ग, घ म्हणू.

क चे उत्तर आले +०.०४, अनिश्चितता ०.१५. म्हणजे संदर्भापासून फरक ०.०८. ख चे उत्तर +०.४२, अनिश्चितता ०.६०. फरक ०.३०, क च्या जवळजवळ चौपट. आता ईएन काढायचा तर प्रयोगशाळेच्या आणि संदर्भाच्या उत्तरांतला फरक घ्यायचा आणि त्याला दोघांच्या एकत्रित अनिश्चिततेने भागायचे. अनिश्चितता एकत्र करताना सरळ बेरीज चालत नाही. दोन्हींचे वर्ग करून बेरीज करायची आणि मग वर्गमूळ काढायचे.

En = (x − X) / √(U² + U₀²)

यात x आणि U प्रयोगशाळेचे, X आणि U₀ संदर्भाचे. क साठी भाजक येतो ०.१६ आणि ईएन उणे ०.५०. ख साठी भाजक ०.६० आणि ईएन अधिक ०.५०. उणे-अधिक चिन्ह फक्त उत्तर कोणत्या बाजूला पडले ते सांगते. चिन्ह सोडले तर दोघांचा आकडा एकच, आणि तो एकच्या आत आहे म्हणून दोघीही पास.

ख ने चौपट चूक करूनही तिला क इतकेच गुण मिळाले, आणि यात अन्याय काहीच नाही. ईएन 'उत्तर किती जवळ आले' हे विचारतच नाही. तो विचारतो की प्रयोगशाळेने आपल्या उत्तराबद्दल जेवढी खात्री दिली होती, ती खरी ठरली का. क म्हणाली होती, माझ्या उत्तरात इकडेतिकडे ०.१५ धरा. ख म्हणाली होती, ०.६० धरा. दोघींचा शब्द खरा ठरला. फक्त ख ने इतका सैल शब्द दिला होता की तो मोडणे अवघड होते.

गिऱ्हाइकाच्या दृष्टीने मात्र दोघींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. स्लिप गेजच्या आयएसओ ३६५० या मानकात १०० मिलिमीटरच्या 'शून्य' ग्रेडच्या ठोकळ्याला अधिक-उणे ०.३० मायक्रॉनची सूट आहे. ज्या प्रयोगशाळेची स्वतःची अनिश्चितता ०.६० आहे, तिच्या दाखल्यावरून ठोकळा या सुटीत बसतो की नाही हे कोणी कसे ठरवायचे?

इथे झेड स्कोअर उपयोगी पडतो. झेड काढताना प्रयोगशाळेने सांगितलेली अनिश्चितता अजिबात विचारात घेत नाहीत. फरकाला आयोजकाने आधीच ठरवून जाहीर केलेल्या एका मापाने भागतात. आपल्या नमुन्यात आयोजकाने असा विचार केला, की शून्य ग्रेडची सूट ०.३० असेल तर कामाच्या प्रयोगशाळेची चूक ०.२४ च्या पुढे जाऊ नये. झेडची रूढ मर्यादा दोन, म्हणून ०.२४ चे निम्मे ०.१२ हे माप ठरले. दोनपर्यंतचा झेड समाधानकारक, दोन ते तीनच्या मधला शंकास्पद, तीन आणि त्यापुढचा असमाधानकारक. क चा झेड येतो उणे ०.६७ आणि ख चा २.५. ईएनमध्ये सुखरूप सुटलेली ख झेडमध्ये शंकेच्या घेऱ्यात आली.

आता ग. तिचे उत्तर बरोबर शून्य, म्हणजे संदर्भापासून ०.१२ ने कमी. अनिश्चितता तिने सांगितली ०.०८. झेड उणे एक, काही तक्रार नाही. ईएनचा भाजक मात्र ०.१० येतो आणि ईएन उणे १.२०. नापास.

ख आणि ग यांचे निकाल शेजारी ठेवले की लॅबच्या मालकांना राग येतो तो इथे. ०.३० ने चुकणारी पास आणि ०.१२ ने चुकणारी नापास! पण ग चा दोष उत्तरात नव्हता, दाव्यात होता. तिने बाजारात ०.०८ अनिश्चिततेची खात्री विकली होती आणि ती टिकली नाही. अनिश्चितता जितकी कमी सांगावी तितकी प्रयोगशाळा भारी दिसते. मान्यतेच्या कागदावर तो आकडा छापला जातो आणि गिऱ्हाईक तो बघूनच येते. त्यामुळे आकडा कमी सांगण्याचा मोह मोठा असतो, आणि तो मोह ईएनच पकडतो.

ग ने आपला अनिश्चिततेचा हिशोब, म्हणजे लॅबच्या बोलीत 'बजेट', पुन्हा काढला तेव्हा गळलेली गोष्ट सापडली. त्यात प्रमाण स्लिप गेजच्या दाखल्यातली अनिश्चितता होती, दहा वेळा मोजल्यावर आकडे किती हलतात तेही होते, पण दोन ठोकळ्यांच्या तापमानातला फरक नव्हता. तुलना करणाऱ्या यंत्राखाली प्रमाण ठोकळा आणि आलेला ठोकळा शेजारी ठेवतात आणि दोघांचे तापमान सारखे आहे असे धरून चालतात. पेटीतून काढलेला, हातमोजे घालून का होईना पण हाताळलेला १०० मिलिमीटरचा ठोकळा खोलीच्या तापमानाला यायला बराच वेळ घेतो. एक दशांश अंशाचा फरक राहून जाणे अगदी सहज शक्य आहे. पोलाद एका अंशाला लांबीच्या दहा लाखांत साडेअकरा भाग वाढते. म्हणजे १०० मिलिमीटरला आणि ०.१ अंशाला ०.११५ मायक्रॉन. ग चा सगळा दावा ०.०८ चा, आणि एवढ्याशा तापमानाने ०.११ इकडेतिकडे होऊ शकते! हा भाग बजेटमध्ये नीट मिळवला की ग ची अनिश्चितता ०.०८ वरून ०.१५ च्या आसपास जाते आणि त्याच फरकासाठी ईएन येतो ०.७४.

याचा अर्थ नापास झाल्यावर अनिश्चितता वाढवली की काम भागले, असा कुणी घेऊ नये. पाठवलेला निकाल बदलता येत नाही, नापास तो नापासच राहतो. बजेटमध्ये काय राहिले होते ते शोधून, मोजून, कागदावर दाखवावे लागते आणि पुढच्या दाखल्यांवरही तीच वाढलेली अनिश्चितता लिहावी लागते. ग ला आता गिऱ्हाइकांना ०.१५ सांगावे लागेल आणि काही कामे हातची जातील. कारण न सापडता नुसता आकडा फुगवला तर पुढच्या तुलनेत ईएन सुंदर दिसेल, दुखणे जागच्या जागी राहील.

फुगवण्याचा आणखी एक प्रकार चालतो आणि तो ओळखणे सोपे आहे. प्रयोगशाळेला मान्यता मिळते तेव्हा प्रत्येक मोजमापासाठी तिची उत्तमातली उत्तम क्षमता किती, हे मान्यतेच्या तपशिलात जाहीर केलेले असते. याला सीएमसी म्हणतात. समजा ख ची १०० मिलिमीटरसाठीची सीएमसी ०.२० आहे आणि पीटीमध्ये तिने सांगितली ०.६०. फिरत आलेला ठोकळा खराब असेल, ओरखडे असतील, तर अनिश्चितता थोडी वाढणे समजू शकते, तिप्पट होणे नाही. जाहीर केलेल्या ०.२० ने हिशोब केला तर ख चा ईएन १.४४ येतो. म्हणून अहवाल वाचताना ईएनच्या रकान्याआधी अनिश्चिततेचा रकाना बघायचा आणि तो सीएमसीशी ताडून बघायचा. अनुभवी ऑडिटर हेच करतात.

राहिली घ. उत्तर +०.६२, अनिश्चितता ०.१८, फरक ०.५०. ईएन २.६, झेड ४.२. दोन्हीकडे सपशेल नापास.

इतक्या मोठ्या आकड्यामागे बजेटमधली बारीक गळती नसते, काहीतरी ठोस चुकलेले असते. ते शोधायला घ कडे एक चांगला धागा होता, कारण तुलनेत फक्त १०० मिलिमीटरचा ठोकळा नव्हता. २५ आणि ५० मिलिमीटरचेही होते. २५ वर घ चा फरक ०.१२ होता, ५० वर ०.२४, १०० वर ०.५०. लांबी दुप्पट झाली की चूक दुप्पट. प्रमाण ठोकळा घासला गेला असता किंवा यंत्राचे टोक बिघडले असते, तर सगळ्या लांब्यांवर साधारण सारखीच चूक आली असती. लांबीच्या प्रमाणात वाढणारी चूक दिसली की आधी तापमानाकडे बोट दाखवावे. २५ मिलिमीटरवर घ चा ईएन एकच्या आतच होता. अहवालात नुसते पास-नापास बघणाऱ्याला ही साखळी दिसलीच नसती.

घ ने त्या दिवशीची खोलीची नोंद काढली: २०.६ अंश सेल्सिअस. लांबीच्या मोजमापासाठी जगभर २० अंश हे प्रमाण तापमान धरतात आणि हे ठरले १९३१ मध्ये. त्याआधी देशोदेशी वेगवेगळी तापमाने धरली जात, फ्रान्समध्ये तर शून्य अंश. घ च्या खोलीची स्वतःची मर्यादा १९ ते २१ होती, म्हणजे नियमाने २०.६ मध्ये वावगे काही नाही. त्याच खोलीत क ने मोजले असते तरी तिचे उत्तर बिघडले नसते, कारण क चा प्रमाण ठोकळाही पोलादाचाच. दोन्ही सारखेच फुगतात आणि वजाबाकीत ती वाढ निघून जाते.

घ कडे काही महिन्यांपूर्वी टंगस्टन कार्बाइडचा नवा संच आला होता. कार्बाइड झिजत नाही म्हणून प्रमाण ठोकळ्यांसाठी तो चांगला, पण तापमानाने तो पोलादाच्या निम्म्याहूनही कमी वाढतो, दहा लाखांत साडेचार भाग. ०.६ अंशाला १०० मिलिमीटरचे पोलाद ०.६९ मायक्रॉन वाढले आणि कार्बाइड ०.२७. उरलेले ०.४२ मायक्रॉन आलेल्या ठोकळ्याच्या खाती जमा झाले. संगणकातल्या तक्त्यात हा फरक वजा करण्याची सोय होती, पण 'प्रमाण ठोकळ्याचे द्रव्य' या रकान्यात जुन्या संचाचे 'पोलाद' तसेच राहिले होते. दुरुस्ती केल्यावर घ चे उत्तर +०.२० येते, फरक ०.०८ आणि ईएन ०.४२.

इथपर्यंत संदर्भमूल्य बाहेरून, वरच्या दर्जाच्या प्रयोगशाळेकडून आलेले होते. काही तुलनांत तसे नसते. सहभागींच्याच उत्तरांची सरासरी काढून तिला संदर्भ मानतात आणि उत्तरांचा जो पसारा असेल त्यालाच झेडचे माप करतात. पाणी किंवा धान्य तपासणाऱ्या पन्नास-शंभर प्रयोगशाळा असतील तर हे चालून जाते. कॅलिब्रेशनमध्ये सहभागी मोजकेच असतात आणि तिथे हा हिशोब फसवतो.

आपल्याच चार उत्तरांवर तो करून बघू. ०.०४, ०.४२, ०.०० आणि ०.६२ यांची सरासरी ०.२७, प्रमाण विचलन ०.३०. या हिशोबाने घ चा झेड येतो १.१७. पास! सपशेल चुकलेल्या घ ने सरासरी आपल्याकडे ओढली, पसारा रुंद केला आणि त्याच रुंद मापाने तिला मोजले गेले. उत्तर +५ मायक्रॉन आले असते तरी ती पासच झाली असती. चारच उत्तरे असताना असा झेड दीडच्या पुढे जाऊच शकत नाही, हे गणिताने सिद्ध आहे. पाच असतील तर १.७९ पर्यंत. दोन ओलांडायला निदान सहा प्रयोगशाळा लागतात, तीन गाठायला निदान अकरा. तेव्हा पाच सहभागींच्या अहवालात सगळ्यांचे झेड दोनच्या आत दिसले तर अभिनंदनाआधी हे माप कुठून आले ते वाचावे. सरासरीऐवजी मध्यक वापरणाऱ्या पद्धती आहेत आणि त्या एकट्यादुकट्या चुकीला दाद देत नाहीत, पण मूठभर उत्तरांवर त्याही फार काही करू शकत नाहीत. म्हणून कॅलिब्रेशनच्या तुलनेत बाहेरचे संदर्भमूल्य आणि ईएन यांनाच प्राधान्य असते.

बाहेरचे संदर्भमूल्य तरी कायम वरचढ असते का? सर्वांत वरच्या पायरीवर त्याचे उत्तर सोपे नाही. २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या पॅरिसजवळ ठेवलेल्या धातूच्या ठोकळ्यावर न राहता प्लांकच्या स्थिरांकावर आली. आता सक्षम असलेली कोणतीही राष्ट्रीय संस्था स्वतंत्रपणे किलोग्रॅम साकार करू शकते. पण या संस्थांच्या उत्तरांची एकमेकांशी तुलना केल्यावर ती त्यांनी सांगितलेल्या अनिश्चिततांच्या मानाने पुरेशी जुळेनात. म्हणून १ फेब्रुवारी २०२१ पासून सगळ्यांनी मिळून काढलेले एक सहमती मूल्य वापरले जाते आणि नव्या तुलनेनंतर ते सुधारले जाते. २०२३ मध्ये ते काही मायक्रोग्रॅमने हललेही. ज्यांच्या वर मोजणारे कुणी नाही, त्यांना संदर्भ एकमेकांतच शोधावा लागतो.

खालच्या पायरीवर आणखी एक खाचखळगा आहे. क चा प्रमाण ठोकळा ज्या प्रयोगशाळेत मोजून आणला, तिनेच जर पीटीचे संदर्भमूल्य दिले असेल, तर त्या प्रयोगशाळेची काही चूक दोन्हींत सारखीच उतरलेली असते आणि वजाबाकीत ती दिसत नाही. ईएनचे सूत्र दोन्ही उत्तरे एकमेकांपासून स्वतंत्र आहेत असे गृहीत धरते. नाते असेल तर ईएन दिसायला हवा त्यापेक्षा लहान दिसतो. उलट बाजूही आहे: सगळे नीट असूनही वीसातल्या एखाद्या मोजमापात ईएन एकच्या पुढे जाणारच, कारण खात्री ९५ टक्क्यांची आहे, शंभराची नाही. एकट्या १.१ ने घाबरायचे नसते, पण कारण शोधायचेच असते. आणि सलग तीन वर्षे ०.७, ०.८, ०.७ असे एकाच चिन्हाचे आकडे येत असतील तर सगळे पास असूनही ती प्रयोगशाळा एका बाजूला झुकलेली आहे.

घ चे काम मात्र रकाना दुरुस्त करून संपले नाही. कार्बाइडचा संच कोणत्या तारखेला वापरात आला ते नोंदवहीतून काढावे लागले आणि त्यानंतर दिलेला प्रत्येक स्लिप गेजचा दाखला त्या-त्या दिवसाच्या तापमानाशी लावून बघावा लागला. खोली २० अंशांच्या जवळ असलेल्या दिवशीचे आणि छोट्या लांबीचे दाखले अनिश्चिततेच्या आत सुटले. ७५ आणि १०० मिलिमीटरचे जे सुटले नाहीत, त्यांच्या गिऱ्हाइकांना लेखी कळवून ठोकळे परत मागवावे लागले आणि नवे दाखले बिनामोबदला द्यावे लागले.